पार्ट टाइम लोकांचे तास आणि एफटीईचा आकडा: 48 ने भागायचं की 40 ने?

मेधा_दादर

नमस्कार मंडळी. मी दादरच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये अ‍ॅडमिन आणि एचआर दोन्ही बघते. आमची लॅब एका मोठ्या ग्रुपने घेतली आहे आणि आता दर तिमाहीला स्टाफिंग रिपोर्ट पाठवायचा आहे. त्यात हेडकाउंटच्या शेजारी एफटीईचा रकाना आहे, म्हणजे सगळ्यांचे तास मिळून किती पूर्ण वेळ माणसं होतात तो आकडा. फॉर्मसोबत सूचना म्हणून एकच ओळ आली आहे: पार्ट टाइम कर्मचाऱ्यांचे आठवड्याचे एकूण तास भागिले 40.

आमच्याकडे फुल टाइम 11 जण. सोमवार ते शनिवार, नऊ ते साडेपाच, मध्ये अर्धा तास जेवण. जेवण वगळलं तर रोज 8 तास, आठवड्याला 48. पार्ट टाइम 9 जण, ते असे:

होम कलेक्शनचे, म्हणजे घरी जाऊन रक्ताचे नमुने घेणारे 5 फ्लेबो, सकाळी साडेसहा ते साडेदहा, सहा दिवस. प्रत्येकी 24 तास, मिळून 120.
संध्याकाळच्या रिसेप्शनला 2 मुली, पाच ते नऊ, पाच दिवस. प्रत्येकी 20, मिळून 40.
रविवारचा एक टेक्निशियन, 8 तास.
रिपोर्ट तपासून सही करणारे डॉक्टर, रोज 2 तास, सहा दिवस, म्हणजे 12.

बेरीज 180 तास. 40 ने भागले तर 4.5 येतात, 48 ने भागले तर 3.75. अकाउंट्समधले म्हणतात, फॉर्ममध्ये 40 लिहिलंय ना, मग 40 ने भाग आणि मोकळी हो. पण त्याच रिपोर्टच्या पुढच्या पानावर "नमुने प्रति एफटीई" असा आकडा काढायचा आहे आणि पुढच्या वर्षीच्या जागा त्यावरून ठरणार आहेत. माझी पाच फ्लेबो मुलं-मुली पहाटे घराबाहेर पडतात. भागाकार चुकला म्हणून त्यातल्या एकाची जागा जावी हे मला मान्य नाही. नक्की कशाने भागायचं आणि ते वरच्यांना कसं पटवायचं?

झटपट_पार्ले

फॉर्ममध्ये 40 आहे तर 40. फॉर्म ज्यांचा, नियम त्यांचा.

सुहास_पवई

40 पण नाही आणि 48 पण नाही, 30 ने भागायचं. आमच्याकडे अमेरिकन क्लायंटचं पेरोल चालतं. त्यांच्या आरोग्य विम्याच्या कायद्यात आठवड्याला 30 तास केले की माणूस फुल टाइम. तुमचे 180 भागिले 30, सरळ 6 एफटीई. ग्रुपमध्ये परदेशी पैसा असेल तर त्यांना हेच अपेक्षित असणार.

ताळेबंद

मेधा, तुमची शंका रास्त आहे. उत्तर एका वाक्यात सांगतो, मग कारण: ज्या आठवड्याला तुम्ही 1 म्हणताय, त्याच आठवड्याच्या तासांनी भागायचं.

तुमचे 11 फुल टाइम लोक रिपोर्टमध्ये 11 एफटीई म्हणून जाणार. म्हणजे 48 तासांना तुम्ही 1 म्हटलंत. त्याच रकान्यात खाली पार्ट टाइमला 40 ने भागलंत की तिथे 40 तासांना 1 म्हटलंत. एका बेरजेत दोन मापं आली. 11 आणि 4.5 मिळून 15.5 होतात खरे, पण हा 15.5 कुठल्याच मापातला नाही.

याची खूण ओळखायला सोपी आहे. समजा तुमच्या एका फ्लेबोचे तास वाढवून 48 केले. 40 च्या हिशेबाने तो 1.2 एफटीई झाला, आणि शेजारच्या टेबलावर तितकाच वेळ बसणारा फुल टाइम टेक्निशियन मात्र 1. कुठलाही पार्ट टाइम माणूस पूर्ण वेळ केल्यावर बरोबर 1 येत नसेल, तर भाजक चुकलाय असं समजा.

48 ने: 11 अधिक 3.75, म्हणजे 14.75.
सगळ्यांनाच 40 ने: फुल टाइमचे 528 तास, पार्ट टाइमचे 180, मिळून 708. भागिले 40, म्हणजे 17.7.

दोन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत. ग्रुपचं हेड ऑफिस पाच दिवसांचं, 40 तासांचं असेल आणि त्यांना सगळी सेंटर एकाच मापात हवी असतील, तर त्यांनी 17.7 मागावेत. पण मग प्रत्येक सेंटरच्या फुल टाइम लोकांचेही तास मोजायला हवेत. फक्त पार्ट टाइमवाल्यांना 40 ने भागून फुल टाइमवाल्यांची डोकी मोजायची, हे चालणार नाही.

तुमची भीतीही खरी आहे. उदाहरणापुरते दिवसाला 590 नमुने धरा. 14.75 ने भागलं तर माणशी 40 पडतात. 15.5 ने भागलं तर 38. काम तेच, माणसं तीच, आणि कागदावर तुम्ही ढिले पडलात.

48 आहेत म्हणून वरच्यांनी नाक मुरडलं तर सांगा की महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यात आठवड्याची मर्यादाच 48 तासांची आहे, सहा दिवसांचा आठवडा इथे सर्रास चालतो. मात्र कायद्यात 48 आहेत म्हणून 48 ने भागायचं असंही नाही. तुमचे फुल टाइम लोक 45 तास करत असते तर मी 45 ने भागा म्हटलं असतं.

अनघा_पेरोल

सुहास, 30 चा आकडा बरोबर आठवतोय, पण तो भाजक नाही. मीही तेच काम करते. त्या कायद्यात 30 तास ही रेघ आहे: अलीकडचा पार्ट टाइम, पलीकडचा फुल टाइम. कंपनीची एफटीई संख्या 50 किंवा त्याहून जास्त होते का हे बघायला पार्ट टाइम लोकांचे महिन्याचे तास एकत्र करून 120 ने भागतात. ती मोजणी कंपनीला विम्याची सक्ती लागू होते का एवढ्याचसाठी आहे. नमुने प्रति एफटीई काढायला ती लावली तर मेधाच्या लॅबचे 9 पार्ट टाइमवाले 6.5 पूर्ण माणसं ठरतील आणि त्या आणखी अडचणीत येतील.

सुहास_पवई

120 महिन्याचे म्हणजे आठवड्याला तेच 30 झाले ना जवळपास? पण रेघ आणि भाजक हा फरक लक्षात आला. अमेरिकेतल्या कंपन्यांच्या अंतर्गत रिपोर्टमध्ये मात्र वर्षाचे 2080 तास बघितलेत, ते बहुधा 40 गुणिले 52.

अनघा_पेरोल

हो, 2080 तसेच येतात. मेधाच्या फॉर्ममधले 40 त्याच घराण्यातले दिसतात.

सायली_भांडुप

मेधा, माझाही हाच प्रश्न आहे म्हणून इथेच विचारते. आमचं कपड्यांचं दुकान, 6 फुल टाइम, 5 मुली अर्ध्या दिवसाच्या. एफटीईने साडेआठ येतात. मग लैंगिक छळाविरुद्धची अंतर्गत समिती लागत नाही ना? ती 10 ला लागते असं ऐकलंय.

ताळेबंद

सायली, तुमचा प्रश्न वेगळा आहे आणि उत्तर उलट आहे. तिथे एफटीई चालत नाही, माणसं मोजतात. 2013 च्या त्या कायद्यात कर्मचारी या शब्दात तात्पुरते, रोजंदारीचे, सगळे येतात. 6 आणि 5 मिळून 11, समिती लागणार. 50 कर्मचाऱ्यांना पाळणाघर लागतं तिथेही डोकीच. प्रॉव्हिडंट फंडाच्या 20 चंही तसंच. एफटीई कामाचं माप आहे, कायद्याच्या उंबरठ्यावर ते घेऊन जाऊ नका.

सायली_भांडुप

बरं झालं विचारलं. मालकांना आजच सांगते.

निवृत्त_आरोग्यसेवक

मला हा प्रकारच पटत नाही. आमच्या आरोग्य खात्यात उपकेंद्रावर अंशकालीन स्त्री परिचर असायच्या. कागदावर अंशकालीन, पण लसीकरणाच्या दिवशी सकाळपासून संध्याकाळपर्यंत त्याच. त्यांना मिळायचं मानधन. आता तुम्ही म्हणणार त्या 0.3 माणूस. बाई पूर्ण होती, राबत पूर्ण होती. माणसाचा अपूर्णांक करायचा आणि मग त्यावरून जागा कापायच्या, हे मी आयुष्यभर पाहिलंय. मेधाताई, हेडकाउंट 20 लिहा आणि ठामपणे सांगा की 20 माणसं आहेत.

मेधा_दादर

काका, तुमचा राग समजतो. पण 20 लिहिले की माणशी नमुने आणखी कमी दिसतात, तोटा पुन्हा माझ्याच लोकांचा. माझी अडचण अशी आहे की ती 12 तासांची व्यक्ती आणि 48 तासांची व्यक्ती शेजारी शेजारी 1-1 दिसली तर वरचा माणूस म्हणणार, एवढे लोक करतात काय?

निवृत्त_आरोग्यसेवक

मग दोन्ही रकाने ठेवा. आणि तास खरे लिहा. कागदावर चार आणि प्रत्यक्षात सहा असं असेल तर तुमचा 3.75 पण खोटाच.

ताळेबंद

काकांनी मुद्द्यावर बोट ठेवलं. मेधा, तुम्ही दिलेले 24, 20, 8, 12 हे नेमणूकपत्रातले तास आहेत की पंचिंगमधले?

मेधा_दादर

नेमणूकपत्रातले. पंचिंगमध्ये फ्लेबो बऱ्याचदा अकरापर्यंत दिसतात, कारण शेवटचे नमुने आणून, रजिस्टरला चढवून, मग जातात. त्या जादा वेळेचे पैसे मिळतात. आणि सुट्टीच्या दिवशी अर्थातच पंच नसतो, पण पगारी सुट्टी असेल तर पगार असतो.

ताळेबंद

माझा नियम: ज्या तासांचे पैसे दिले ते तास. फुल टाइम माणूस गणपतीला गावी गेला, रजा पगारी आहे, तर त्या आठवड्यातही तो 1 च राहतो. मग पार्ट टाइमवाल्याची पगारी सुट्टी पंच नाही म्हणून तासांतून गाळायची, हे पुन्हा दोन मापं झाली. पंचिंगवरून मोजलं तर सणांच्या महिन्यात तुमचे पार्ट टाइमवाले आपोआप बारीक होतात आणि फुल टाइमवाले तसेच राहतात. आणि फ्लेबोंचे जादा तास जर पैसे देऊन होत असतील तर ते 180 मध्ये धरायलाच हवेत.

क्ष_नॉटिंगहॅम

इथे इंग्लंडमध्ये सरकारी रुग्णालयांत 37.5 तासांना 1 धरतात, जेवणाची सुट्टी वगळून. जेवणाचा मुद्दा मुद्दाम सांगतोय. आमच्या विभागात एकदा फुल टाइमचे तास सुट्टीसकट आणि पार्ट टाइमचे सुट्टी वगळून घेतले गेले, आणि पार्ट टाइम नर्सेस कागदावर आक्रसल्या. मेधा यांनी साडेआठ तासांतून अर्धा तास आधीच काढलाय हे चांगलं केलं.

पण ताळेबंद यांच्याशी एका बाबतीत असहमत. इथे आम्ही करारातले तास घेतो, जादा तास वेगळे दाखवतो. जागा किती मंजूर आहेत हे एफटीई सांगतो, आणि त्या जागा पुरत नाहीत हे जादा तास सांगतात. दोन्ही एकात ढवळले तर कमतरता दिसतच नाही.

ताळेबंद

तुमच्याकडे मंजूर जागांचं बजेट आधी ठरतं म्हणून तसं सोयीचं. मेधाला नमुन्यांना भागायचंय, तिथे प्रत्यक्ष लागलेला वेळ हवा. तरी जादा तास वेगळ्या ओळीत दाखवायला माझी हरकत नाही.

कांदिवलीचा_कारकून

एक्सेलचा एक सापळा सांगून ठेवतो. पंचिंग मशीनमधून येणारे तास 24:00, 20:00 असे वेळेच्या रूपात येतात. एक्सेल त्यांना दिवसाचा भाग म्हणून साठवतं, त्याच्या लेखी 24 तास म्हणजे 1. नऊ ओळींची बेरीज केली आणि सेलचा फॉरमॅट साधा h:mm असेल तर 180 तासांच्या जागी 12:00 दिसतात, कारण पूर्ण सात दिवस तो दाखवतच नाही. फॉरमॅट [h]:mm केला की 180:00 दिसतात.

दिसणं सुधारलं तरी भागाकार वेगळा बिघडतो.

```
=SUM(C2:C10)/48
```

याचं उत्तर 0.16 च्या आसपास येतं, कारण आतमध्ये 7.5 दिवस आहेत. 24 ने गुणून तास करून घ्यायचे:

```
=ROUND(SUM(C2:C10)*24/48,2)
```

आता 3.75. नऊ माणसांचा एफटीई 0.16 आला तर कुणालाही कळेल. पण फुल टाइमच्या 11 मध्ये मिसळून 11.16 झाला की कुणी वळून बघत नाही.

दुसरं म्हणजे ROUND फक्त शेवटच्या बेरजेला लावा. आमच्याकडे एकाने प्रत्येक माणसाचा पूर्णांक केला होता. मेधाच्या यादीत तसं केलं तर पाच फ्लेबो 0.5 चे 1 होतात, बाकी चौघे 0 होतात, आणि बेरीज 5. डॉक्टरसाहेब शून्य, रिसेप्शनच्या मुली शून्य!

झटपट_पार्ले

सही करणारे डॉक्टरच शून्य म्हणजे त्या दिवशीचे सगळे रिपोर्ट देवाच्या सहीने 😄

मेधा_दादर

कांदिवलीकर, आमच्या मशीनमधून तास असेच येतात, तुमचा फॉर्म्युला वापरते. आता पुढची अडचण. रिपोर्ट एप्रिल ते जूनचा आहे. एका फ्लेबोने पाचव्या आठवड्याच्या शेवटी सोडलं. जागी नवीन मुलगी नवव्या आठवड्यात आली. मधल्या काळात बाकीच्या चौघांनी एकमेकांच्या फेऱ्या वाटून घेतल्या. यादीत आता पार्ट टाइमची नावं 10 आहेत. दोघांनाही 0.5 धरू का?

अनघा_पेरोल

नको, दोघांना पूर्ण 0.5 धरलंत तर एक जागा दोनदा मोजली जाईल, 4.25 येतील.

एप्रिल ते जून 91 दिवस, बरोबर 13 आठवडे. त्यामुळे ही तिमाही हिशेबाला सोपी आहे. एका पूर्ण माणसाचे तिमाहीचे तास 13 गुणिले 48, म्हणजे 624. बाकीच्या आठ जणांचे आठवड्याला 156, तेरा आठवड्यांचे 2028. त्या एका जागेवर जुना 5 आठवडे आणि नवीन 5 आठवडे, दहा आठवड्यांचे 240. एकूण 2268. भागिले 624, म्हणजे 3.63.

30 जूनला किती होते असं विचारलं असेल तर 3.75. तिमाहीची सरासरी विचारली असेल तर 3.63. तिमाहीभराच्या नमुन्यांना भागायचं असेल तर सरासरीच घ्या, कारण ते नमुने त्या तीन रिकाम्या आठवड्यांतही गोळा झालेत. वाटून घेतलेल्या फेऱ्यांचे जादा पैसे दिले असतील तर ते तास 2268 मध्ये वाढवा.

एक सावधगिरी महिन्याच्या हिशेबाची. पुष्कळ जण महिन्याला चार आठवडे धरून 192 ने भागतात. वर्षात 52 आठवडे, भागिले 12, म्हणजे महिना सव्वाचारहून थोडा मोठा. 48 चा महिना 208 तासांचा होतो. तुमचे महिन्याचे 780 तास 192 ने भागले तर 4.06, 208 ने भागले तर 3.75. आपल्याकडे पगाराला 26 दिवस धरतात ना, 26 गुणिले 8 सुद्धा 208 च.

मुलुंडचा_फ्लेबो

मी बराच काळ नुसता वाचतोय, आज लिहितो. मी स्वतः होम कलेक्शन करतो, वेगळ्या लॅबसाठी, मुलुंड ते भांडुप. मेधाताईंची काळजी वाचून बरं वाटलं.

तुमचा 3.75 बरोबर असेल, पण त्याच्यातला 2.5 आम्हा फ्लेबोंचा आहे आणि साहेब लोक तो वाचतील "अडीच माणसांचं काम आहे, तीन फुल टाइम ठेवा, पाच कशाला". आमच्याकडे हेच म्हटलं गेलंय. फास्टिंगचा नमुना द्यायचा माणूस रात्रीपासून उपाशी असतो. शुगरवाले आजी-आजोबा सात वाजता दार उघडं ठेवून बसतात. साडेआठ झाले की फोन सुरू, नऊ झाले की म्हणतात मी चहा घेतला, उद्या या. सगळं काम सात ते नऊ मध्ये कोंबलेलं असतं. एका सोसायटीत गेलो, लिफ्ट बंद, सातवा मजला, शिर सापडत नाही, बारकोड लावायचा, राखाडी झाकणाची ट्यूब वेगळी ठेवायची, झाले वीस मिनिटं. त्या वेळी पाच बिल्डिंगमध्ये पाच माणसंच लागतात. तीन फुल टाइम ठेवलेत तर सात वाजता तिघेच असणार, आणि दुपारी तिघेही लॅबमध्ये बसून. जेवणानंतरचा नमुना दोन तासांनी घ्यायचा असतो तो सोडला तर अकरानंतर घरी कोण बोलावतं?

ताळेबंद

हा या धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा प्रतिसाद. मेधा, एफटीई एकूण वेळ सांगतो. तो वेळ दिवसात कुठे पडतो याचा त्यात मागमूस नसतो. फ्लेबोंच्या ओळीखाली "सात ते नऊ एकाच वेळी लागणारे: 5" असा आकडा द्याच. कलेक्शनच्या बुकिंगमध्ये वेळा असतातच, अर्ध्या-अर्ध्या तासाचे भेटींचे आकडे काढा. 2.5 च्या शेजारी 5 दिसले की तीन फुल टाइमची सूचना आपोआप मागे पडते.

निवृत्त_आरोग्यसेवक

मुलुंडच्या भावाने माझंच म्हणणं माझ्याहून चांगलं मांडलं. लसीकरणाच्या दिवशीही असंच असायचं.

बोरीवलीची_वीणा

आमच्या लॅबमध्ये फ्लेबोंना तासावर नाही, भेटीमागे पैसे देतात. त्यांचे तास कुठून आणायचे?

कांदिवलीचा_कारकून

एका भेटीचा सरासरी वेळ धरून तास काढा. मुलुंडकर वीस मिनिटं म्हणाले, त्यात प्रवास मिळवा.

क्ष_नॉटिंगहॅम

मी तसे तास बनवणार नाही. अंदाजाचे तास खऱ्या तासांत मिसळले की सगळीच बेरीज अंदाजाची होते. त्यांना एफटीईबाहेर ठेवून भेटींची संख्या द्या.

मुलुंडचा_फ्लेबो

एफटीईबाहेर ठेवलं की आम्ही रिपोर्टमध्येच दिसत नाही, साहेब. आणि प्रवासाचं म्हणाल तर पावसाळ्यात आणि इतर वेळी फार फरक पडतो, सरासरी कुठली धरणार?

बोरीवलीची_वीणा

त्यांच्या मोबाइल अ‍ॅपमध्ये पहिल्या भेटीची आणि शेवटचा नमुना जमा केल्याची वेळ असते. मधला सगळा वेळ कामाचा धरला तर?

अनघा_पेरोल

तो त्यातल्या त्यात बरा, वीणा. पण पद्धत टीपेत लिहा आणि पुढच्या तिमाहीला तीच ठेवा.

झटपट_पार्ले

अवांतर: डॉक्टर पगारावर आहेत का? आमच्या इथले प्रोफेशनल फी घेतात, फीचं बिल देतात.

मेधा_दादर

आमचेही. फी घेतात, टीडीएस कापून. पगारपत्रकात नाहीत.

ताळेबंद

मग ते कर्मचारी नाहीत. फॉर्ममध्ये पार्ट टाइम कर्मचारी लिहिलंय. 180 मधून 12 काढा, 168 भागिले 48, म्हणजे 3.5. एकूण 14.5.

क्ष_नॉटिंगहॅम

आणि शेजारच्या सेंटरचे डॉक्टर पगारावर असतील तर? त्यांचे मोजले जाणार, तुमचे नाही. सही तर दोन्हीकडे लागते. मेधाची लॅब विनाकारण जास्त कार्यक्षम दिसेल आणि शेजारच्या लॅबला त्याचा जाब द्यावा लागेल. मी डॉक्टर धरेन.

ताळेबंद

तसं मोजायचं तर मग साफसफाईच्या एजन्सीची माणसंही आली, कुरिअरवाला आला. कुठे थांबणार? पगारपत्रक ही निदान तपासता येणारी सीमा आहे.

क्ष_नॉटिंगहॅम

नमुन्याच्या कामाला ज्याचा हात लागतो तिथे थांबायचं. यावर आपलं जमणार नाही असं दिसतंय.

मेधा_दादर

सगळ्यांचे मनापासून आभार. ग्रुपच्या फायनान्समधल्या बाईंशी आज फोनवर बोलले. ताळेबंद यांचं उदाहरण त्यांना जसंच्या तसं सांगितलं: फ्लेबोला 48 तास दिले तर तो 1.2 आणि शेजारचा 1, हे कसं? त्या क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या की हेड ऑफिस पाच दिवसांचं आहे, 40 तिथून आले, सेंटरचा आठवडा सहा दिवसांचा असतो हे फॉर्म करताना कुणी धरलंच नव्हतं. या तिमाहीला 48 ने पाठवा, भाजक टीपेत लिहा, बाकी सेंटरना आम्ही त्यांचे आठवड्याचे तास विचारतो, असं ठरलं.

टीप अशी लिहिली आहे, काही सुटलं असेल तर सांगा:

"एफटीईचा आधार: फुल टाइम आठवडा 48 तास, जेवणाची सुट्टी वगळून. पार्ट टाइमचे पगारी तास, पगारी सुट्टीसह, एप्रिल ते जून, 13 आठवडे, भागिले 624. सोडून गेलेले आणि नवीन आलेले जेवढे आठवडे होते तेवढेच धरले आहेत. पूर्णांकन फक्त एकूण बेरजेला. फीवर काम करणारे डॉक्टर, आठवड्याला 12 तास, 0.25, वेगळ्या ओळीत, एकूणमध्ये धरलेले नाहीत. होम कलेक्शन: सकाळी 7 ते 9 एकाच वेळी 5 जण आवश्यक, अर्ध्या तासाप्रमाणे भेटींचा तक्ता सोबत."

डॉक्टरांची ओळ वेगळी ठेवली म्हणजे ज्याला धरायचेत तो धरेल. त्यांना बाजूला काढल्यावर सरासरी 3.38 येते, एकूण 14.38. फ्लेबोंनी वाटून घेतलेल्या फेऱ्यांचे जादा तास आणि एरवी अकरापर्यंत थांबल्याचे तास अजून यात नाहीत. दोन्हींचे पैसे दिले आहेत, म्हणून अकाउंट्सकडून आकडे मागवले आहेत.

अनघा_पेरोल

3.38 बरोबर आहे. 2268 मधून डॉक्टरांचे 156 गेले, 2112 उरले, भागिले 624. जादा तास मिळवल्यावर 3.38 वर जाईल, तेव्हा टीपेत "जादा पगारी तासांसह" हे शब्द घाला, नाहीतर पुढच्या तिमाहीला तुलना करणारा गोंधळेल.

क्ष_नॉटिंगहॅम

आणि मिळवण्याआधीचा आकडाही शेजारी ठेवा. तीन आठवडे एक जागा रिकामी होती हे त्या दोन आकड्यांतल्या फरकातच दिसेल.

मुलुंडचा_फ्लेबो

मेधाताई, भेटींचा तक्ता करताना रद्द झालेल्या भेटीही घ्या. दारापर्यंत जाऊन परत आलेल्या फेरीचा वेळ लागतोच, पण बुकिंगमध्ये ती "रद्द" दिसते आणि तक्त्यातून गळते.

मेधा_दादर

हे माझ्या लक्षात आलं नसतं. रद्द भेटींचा रकाना आत्ताच वाढवते.